पोट बिघडले आणि तोंडी परीक्षा हुकली तर

मंडणगडच्या बारावीतल्या मुलीची इंग्रजीची तोंडी परीक्षा सकाळी आहे आणि रात्रभर उलट्या-जुलाब चालू आहेत, असे समजा. परीक्षा वीसच गुणांची, पण गैरहजेरी लागली तर ती निकालात दिसते.

पहिले काम म्हणजे परीक्षेच्या वेळेआधी वर्गशिक्षकांना फोन करणे. मंडळाने ठरवलेल्या मुदतीत कॉलेजच वेळापत्रक लावते. मुदत शिल्लक असेल तर दुसऱ्या तुकडीबरोबर परीक्षा घेणे बरेचदा जमते. मुदत संपली असेल तर लेखी परीक्षेनंतरची ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा उरते. त्यासाठी प्राचार्यांमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे विनंती जाते. थेट मंडळात धाव घेण्यात वेळ जातो.

खरी अडचण पुराव्याची असते. पोटाचा त्रास दोन दिवसांत ओसरतो. तिसऱ्या दिवशी तपासणारे डॉक्टर आपण न पाहिलेल्या आजाराचा दाखला कसा देणार? म्हणून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन तारखेचा केसपेपर घ्यावा.

अर्ज चार ओळींचा पुरे: ‘रात्रभर उलट्या-जुलाब झाल्याने दि. … रोजी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेस येऊ शकले नाही. केसपेपर व वैद्यकीय दाखला जोडला आहे. पुढील तारीख मिळावी, ही विनंती.’ आसन क्रमांक आणि पालकांची सही विसरू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी जपून ठेवा.