चालू स्प्रिंटमध्ये एक माणूस कमी होतो तेव्हा

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बहुतेक टीम आपले काम ठरावीक मुदतीच्या तुकड्यांत करतात. या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. स्क्रम पद्धतीत तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो, प्रत्यक्षात बहुधा दोन आठवड्यांचा, म्हणजे दहा कामाच्या दिवसांचा. सुरुवातीला टीम एक उद्दिष्ट ठरवते, त्यासाठी लागणारी कामे निवडते आणि प्रत्येक कामाचे तिकीट बोर्डावर लावते. या हिशोबात सगळी माणसे सगळे दिवस हजर असतात. पाचव्या दिवशी सकाळी एखाद्याचा ताप आल्याचा निरोप येतो आणि हिशोब मोडतो.

अशा वेळी बोर्डासमोर उभे राहून आजारी माणसाची तिकिटे उरलेल्यांत वाटून टाकण्याची सवय सर्रास दिसते. चार तिकिटे, चार माणसे, प्रत्येकाला एक. वाटणी न्याय्य वाटते, पण तिकीट हलले म्हणून काम हलत नाही. त्या कामाबद्दल आजारी माणसाच्या डोक्यात जे असते ते तिकिटावर क्वचितच उतरलेले असते. शिवाय चार अनोळखी कामे चौघांना दिली की चौघांनाही आपले काम थांबवून नवे समजून घ्यावे लागते. फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवल्यास उशीर आणखी वाढतो, असे मांडले. त्यांचे कारण इथेही लागू पडते. नव्या माणसाला काम समजायला वेळ लागतो आणि जितकी माणसे एका कामात, तितके आपसातले बोलणे वाढते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील पाच डेव्हलपरांची एक टीम दूध संघासाठी अ‍ॅप करते आहे. स्प्रिंटचे उद्दिष्ट असे आहे: संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला दहा दिवसांचे बिल मोबाईलवर दिसावे. पाचव्या दिवशी सर्व्हरचे काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला डेंग्यू झाल्याचे कळते. त्याच्याकडे चार तिकिटे आहेत. बिलाचा हिशोब करणारा भाग बराचसा झाला असून 18 तासांचे काम बाकी आहे. बिल तयार झाल्यावर एसएमएस पाठवण्याचे काम 14 तासांचे आहे आणि ते सुरूच झालेले नाही. संघाच्या कार्यालयासाठीचा अहवाल नुकताच हाती घेतला असून त्याला 16 तास लागतील. दरपत्रक भरण्यातली एक चूक दुरुस्त होऊन रिव्ह्यूला गेली आहे, तिला 2 तास हवेत. एकूण 50 तास.

पहिला प्रश्न माणूस किती दिवस नसेल हा आहे. साधी सर्दी असेल आणि दोन दिवसांत माणूस परतणार असेल, तर बहुतेक कामे जिथे आहेत तिथेच ठेवणे स्वस्त पडते. काम समजून घ्यायलाच एखादा दिवस जातो आणि परतल्यावर ते उलट समजावण्यात आणखी वेळ जातो. डेंग्यूत मात्र ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो, आणि ताप उतरण्याचा काळच काळजीचा असतो. नंतरचा अशक्तपणा वेगळा. ‘ताप उतरला, उद्या येतो’ या निरोपावर योजना उभी करणे धोक्याचे ठरते. या टीमने त्याला स्प्रिंटच्या शेवटापर्यंत अनुपस्थित धरले. टीमबाहेरच्या लोकांना ‘या स्प्रिंटमध्ये उपलब्ध नाही’ एवढेच सांगितले, कारण आजाराचे नाव सांगायचे की नाही हे त्या माणसाने ठरवायचे असते.

दुसरा प्रश्न रिकाम्या वेळाचा. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत सहा दिवस उरले आहेत. बैठका, फोन आणि चौकशा वजा जाता माणूस दिवसाला साधारण पाच तास सलग काम करतो असे धरले, तर चौघांचे प्रत्येकी 30, मिळून 120 तास होतात. त्यांची स्वतःची बाकी कामे 96 तासांची आहेत. म्हणजे मोकळे तास 24, आणि तेही सारखे विखुरलेले नाहीत: सर्व्हरवर काम करणाऱ्या दुसऱ्या डेव्हलपरकडे 10, टेस्टिंग करणारीकडे 9, मोबाईल अ‍ॅप करणाऱ्याकडे 3 आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे 2. पन्नास तास चोवीसांत बसत नाहीत. त्यात परके काम मूळ माणसाच्या अंदाजात होत नाही. या टीमने अर्धवट कामासाठी तो दीडपट धरला. 18 तासांचा बिलाचा हिशोब त्यामुळे 27 तासांचा झाला. तो एकटाच 24 तासांच्या वर जातो.

म्हणून वाटणीआधी गाळणी लागते. चारांपैकी कोणत्या तिकिटावर उद्दिष्ट अडते? बिलाच्या हिशोबाशिवाय शेतकऱ्याला काही दिसणार नाही. दरपत्रकाची चूक राहिली तर बिल चुकेल. एसएमएस आणि अहवाल नसले तरी बिल दिसते. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका याला जागा देते: स्प्रिंटचे उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल करायचा नसतो, पण कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी बोलून नव्याने ठरवता येतो. हे बोलणे त्याच दिवशी झाले पाहिजे. दहाव्या दिवशी झाले तर त्याला वाटाघाट म्हणता येत नाही, ती नुसती खुलाशाची बैठक ठरते. इथे एसएमएस आणि अहवाल बॅकलॉगमध्ये परत गेले. तेवढ्याने भागले नाही. सर्व्हरच्या डेव्हलपरकडे प्रशासकाच्या पानावरील शोधाचे 12 तासांचे काम होते, त्याचाही उद्दिष्टाशी संबंध नव्हता. तेही परत गेले आणि तिच्याकडे 22 तास मोकळे झाले. नवे काम देताना जुने काढून घेणे हाच ओझे न वाढवण्याचा खरा उपाय आहे, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

बिलाच्या हिशोबाचे 22 तास तिच्याकडे गेले. त्याच्या चाचण्यांचे 5 तास टेस्टिंग करणारीने घेतले, आणि दरपत्रकाच्या दुरुस्तीचे 2 तास नवख्या नजरेला 3 धरून तेही तिच्याकडे दिले. तिच्या नऊपैकी एक तास उरला. बाकी दोघांना नवे तिकीट दिले नाही. आजारी सहकाऱ्याकडे एका सहकाऱ्याचे रिव्ह्यू अडकले होते, तेवढे एक तासाचे काम मोबाईल अ‍ॅप करणाऱ्याने केले. अशी कामे बोर्डावर दिसत नाहीत. अडलेले रिव्ह्यू, दूध संघाच्या हिशेबनिसाचे फोन, रिलीजच्या दिवशीची जबाबदारी यांची वेगळी विचारणा करावी लागते.

आता संदर्भाचा भाग. सगळा जीव इथे आहे. काम हाती घेणारीने आधी सर्व्हरवर काय पोहोचले आहे ते पाहिले:

```
git fetch origin
git log --oneline main..origin/dudh-bill
git diff main...origin/dudh-bill
git switch -c dudh-bill-pudhe origin/dudh-bill
```

दुसऱ्या ओळीने त्या ब्रँचवरचे वेगळे कमिट दिसतात, तिसरीने मुख्य शाखेपासून फुटल्यानंतर बदललेला कोड दिसतो. चौथी ओळ त्याच जागेवरून नवी ब्रँच काढते. मूळ ब्रँचवरच काम करून तिचा इतिहास बदलणे टाळायचे असते, कारण आजारी माणसाच्या लॅपटॉपवर न पाठवलेले कमिट असू शकतात आणि परतल्यावर दोन इतिहास जुळवताना एक हरवतो. या उदाहरणात शेवटचा कमिट दोन दिवस जुना निघाला. मधल्या काळातले काम लॅपटॉपवरच होते. लॅपटॉपचा पासवर्ड मागणे हा पर्याय नाही. तो सुरक्षेच्या दृष्टीने चूक आहे आणि रुग्णावर अन्यायही. तेवढे पुन्हा करायचे, असे ठरले.

कोड काय करतो ते वाचून कळते. तो असा का लिहिला हे कळत नाही. हिशोबात एका ठिकाणी फॅटचा दुसरा दशांश सरळ कापला होता: यंत्राने 3.78 दाखवले तरी दर 3.7 चा. नव्या डेव्हलपरला ही चूक वाटली. जवळच्या अंकाकडे नेले तर 3.8 व्हायला हवे, आणि दुरुस्ती एका ओळीची होती. तिने आधी चॅट चाळले. हिशेबनिसाशी झालेल्या संभाषणात उत्तर सापडले: केंद्रावरच्या वहीत वर्षानुवर्षे दशांश कापूनच दर धरला जातो, आणि अ‍ॅपचा आकडा वहीशी जुळला नाही तर शेतकरी भांडायला येतील. ‘दुरुस्ती’ झाली असती तर चाचण्या बहुधा पासही झाल्या असत्या आणि बिले मात्र वहीशी जुळली नसती. हरवणारा संदर्भ असा असतो: घेतलेला निर्णय कोडात राहतो, नाकारलेला पर्याय आणि त्यामागचे कारण माणसासोबत घरी जाते.

चॅट आणि तिकिटांवरच्या नोंदी वाचूनही एक शंका उरली. पशुखाद्याची उचल बिलातून वजा करायची ती याच दहा दिवसांची, की मागची थकबाकी धरून? हा प्रश्न आजारी माणसाला विचारण्याआधी हिशेबनिसाला विचारता येतो, आणि तसेच केले गेले. रुग्णाला फोन करायचाच असेल तर त्याने होकार दिल्यावर, एकाच माणसाने, सगळे प्रश्न लिहून घेऊन, दहा-पंधरा मिनिटांत संपवायचा. दर तासाला येणारा ‘फक्त एकच विचारायचे होते’ हा मेसेज म्हणजे घरून करवून घेतलेले कामच. फोनवर मिळालेली उत्तरे लगेच तिकिटावर लिहिली नाहीत, तर तीच माहिती पुन्हा एका डोक्यात जाऊन बसते.

काही कामे हलवूच नयेत. बँकेच्या पैसे-भरणा व्यवस्थेशी जोडणी करणारा भाग एकाच माणसाला माहीत असेल, तर चार दिवसांत तो शिकून बदलण्यापेक्षा तिकीट स्प्रिंटबाहेर काढणे शहाणपणाचे. आणि उद्दिष्टच त्या भागावर टेकलेले असेल, तर प्रॉडक्ट ओनरला स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार आहे. तो फक्त त्यालाच असतो.

वाटणी जड झाली की बोर्ड ते लवकर दाखवतो. ‘चालू’ रकान्यात तिकिटे वाढतात आणि ‘पूर्ण’मध्ये काही सरकत नाही. रिव्ह्यू दिवसभर पडून राहतात. पंधरा मिनिटांच्या रोजच्या बैठकीत एखादा तीन दिवस तेच वाक्य बोलतो. कमिटच्या वेळा रात्री अकरानंतरच्या दिसू लागतात. या टीममध्ये आठव्या दिवशी टेस्टिंग करणारीकडे चार तिकिटे एकदम उघडी दिसली, तेव्हा दरपत्रकाची दुरुस्ती तिच्याकडून सर्व्हरच्या डेव्हलपरने घेतली. एवढी फेरवाटणी दर सकाळी होऊ शकते.

उद्दिष्ट दहाव्या दिवशी पूर्ण झाले, पण स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामाचा आकडा नेहमीपेक्षा कमी भरला. पुढच्या नियोजनात तो सरासरीत मिसळण्याआधी माणसांचे दिवस कमी होते हे लक्षात घ्यावे लागते. आजारी सहकारी पुढच्या स्प्रिंटच्या दुसऱ्या दिवशी परतला. बिलाचे तिकीट त्याला परत दिले नाही, कारण तसे केले तर समजून घेण्याचा खर्च दुसऱ्यांदा होतो. त्याऐवजी नव्या ब्रँचचा रिव्ह्यू त्याने केला आणि लॅपटॉपवर राहिलेल्या दोन दिवसांच्या कामातला एक कमिट, महिन्याच्या शेवटी अकरा दिवसांचे बिल कसे धरायचे हा, त्यात जोडला.