हिशेबनिसाचा अरबी राजीनामा

दुबईतल्या कंपनीचा हिशेबनीस कुटुंबासह अबुधाबीला राहायला जाणार असेल, तर त्याच्या राजीनाम्याच्या अरबी पत्राला, म्हणजे 'इस्तिकाला'ला, ठरलेला साचा असतो. वर तारीख, मग 'अस्सय्यिद' आणि पदानंतर 'अल-मुहतरम' असे आदराचे संबोधन. त्याखाली 'अल-मौदू' म्हणजे विषय. 'तहिय्या तय्यिबा व बाद' या अभिवादनानंतर मात्र थेट मुद्दा येतो. कारण एका वाक्यात पुरते: दुसऱ्या शहरात स्थलांतर. तक्रारींना इथे जागा नाही.

पत्राचा कणा म्हणजे 'फत्रत अल-इंधार', अर्थात पूर्वसूचनेचा काळ. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार तो 30 ते 90 दिवसांचा असू शकतो. नेमका आकडा करारात असतो. पत्र 1 जूनला पोचले, करारात 60 दिवस असले आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून केली, तर शेवटचा दिवस 31 जुलै. नुसते 'दोन महिने' लिहिले की 1 ऑगस्ट की 31 जुलै यावर वाद होतो. म्हणून दिवस आणि तारीख दोन्ही लिहावेत. मुदतीआधी काम सोडल्यास उरलेल्या दिवसांच्या पगाराएवढी भरपाई मालकाला द्यावी लागते.

हिशेबनिसाच्या पत्रात आणखी एक वाक्य लागते: वह्या, बँकजुळणी आणि संगणकाचे पासवर्ड लेखी पोचपावती घेऊन सोपवण्याचे. पुढे आकड्यांत तफावत निघाली तर हीच पावती उपयोगी पडते. शेवटी अनुभवाच्या दाखल्याची मागणी, 'व तफद्दलू बिकबूल फाइक अल-इहतिराम' आणि सही.