घड्याळाचा घसा, घड्याळाचा कान

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलं. वयाच्या पन्नाशीनंतर नगरपालिकेच्या तलावात उतरणं म्हणजे धाडसच. पण उतरलो. जावयाने मनगटी स्मार्टवॉच भेट दिलं होतं, ते हातात असायचं. पोहताना किती फेऱ्या झाल्या ते मोजतं, आणि फोन पिशवीत असला तरी आलेला कॉल घड्याळावरच घेता येतो. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला मनगटाशी बोलणं सुरुवातीला वेडेपणाचं वाटलं, पुढे त्याची सवय झाली.

एके दिवशी सकाळी मी पाण्यातून बाहेर पडून अंग पुसत होतो, तोच धाकट्या बहिणीचा कॉल आला. मेहुण्यांचं अचानक ऑपरेशन ठरलं होतं आणि रुग्णालयात आधी अनामत भरायची होती. तिचा आवाज दुरून, रजईच्या आतून यावा तसा येत होता. ‘‘भाईजान, आठ हजार भरायचेत,’’ असं मला ऐकू आलं. मी म्हणालो, ‘‘आत्ता पाठवतो, अजून लागले तर सांग.’’ आणि तिथल्या तिथे फोनवरून आठ हजार पाठवून दिले.

संध्याकाळी रुग्णालयात गेल्यावर कळलं की ती साठ हजार म्हणाली होती. आणि माझं ‘अजून लागले तर सांग’ हे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. तिला फक्त घुमल्यासारखं ‘हूं हूं’ ऐकू आलं. आठ हजार आलेले पाहून भाईची एवढीच ऐपत असेल, असं समजून ती गप्प बसली आणि हातातल्या बांगड्या गहाण ठेवून आली. ऑपरेशन नीट झालं. बांगड्याही दुसऱ्या दिवशी सोडवून आणल्या. पण माझ्या मनातून तो ‘साठ’ काही जाईना. एका ‘स’ने केवढा घोळ घातला होता!

कविता लिहिणाऱ्याला अक्षरांचा नाद माहीत असतो. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर भरदार असतात, त्यांची ताकद खालच्या पट्टीत असते. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनं म्हणजे दातांमधून, ओठांमधून सुटलेली नुसती हवेची सळसळ. त्यांचा आवाज फार वरच्या पट्टीतला आणि क्षीण असतो. घड्याळाच्या स्पीकरमध्ये पाणी शिरलं की सगळ्यात आधी मार खाते ती ही सळसळ. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट जड. स्पीकरच्या इवल्याशा पडद्यावर आणि त्याच्या तोंडाशी पाण्याचा थेंब बसला, की पडद्याला सेकंदाला हजारो वेळा थरथरणं जमत नाही. संथ हेलकावे तो कसेबसे देतो. म्हणून स्वर उरतात आणि व्यंजनं जातात. बोलणारा ‘साठ’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘आठ’ मिळतो. आवाज मोठा करून काही उपयोग होत नाही, स्वरच मोठे होतात.

आमच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो. घड्याळ तर पाण्यात चालणारं म्हणून विकलंय, मग आत पाणी गेलंच कसं? तो हसला. ‘‘चाचा, आत नाही गेलं. दारात उभं आहे. स्पीकरला आवाज बाहेर काढायला हवा लागते. भोक बुजवलं तर आवाज येणार कुठून? म्हणून तिथे पाणी येतंच. नंतर ते बाहेर काढायचं असतं.’’

हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. ‘अ‍ॅपल’ने २०१६ साली पोहताना वापरता येईल असं घड्याळ आणलं, तेव्हा बाकीच्या फटी बंद केल्या, पण स्पीकरची फट बंद करता येत नव्हती. तेव्हा पाणी येऊ द्यायचं आणि नंतर स्पीकरनेच ते फेकून द्यायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. घड्याळ काही ठरावीक सूर वाजवतं, पडदा जोराने पुढे-मागे होतो आणि थेंब जाळीतून बाहेर उडतात. संथ गतीच्या चित्रफितीत ते छोट्या कारंज्यासारखे दिसतात. पुढे इतर कंपन्यांनीही अशी सोय केली. अ‍ॅपलच्या घड्याळात पाण्याच्या थेंबाचं चित्र असलेलं बटण दाबलं की कुलूप लागतं. पोहून झाल्यावर बाजूची फिरकी दाबून धरली की कुलूप उघडतं आणि ते सूर वाजतात. सॅमसंगच्या गॅलॅक्सी घड्याळातही अशाच नावाचं कुलूप आहे, तेही बटण दाबून धरलं की सुटतं.

या ‘कुलूप’ शब्दाने माझ्यासारख्या कित्येकांची फसगत केली आहे. मला वाटायचं, कुलूप लावलं म्हणजे पाण्याला आत यायची बंदी. तसं मुळीच नाही. हे कुलूप काचेच्या पडद्याला असतं. पाण्याचे थेंब पडद्यावर आपटले तर घड्याळाला बोट लागल्यासारखं वाटतं आणि ते भलतंच काही चालू करतं. तेवढंच ते थांबवतं. पाणी अडवायचं काम ते करत नाही. माझ्या घड्याळात तर पाणी फेकण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते, आणि मी ती तोवर एकदाही दिली नव्हती.

पुढे त्या मुलाने जे सांगितलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घड्याळाला घसा आहे तसा कानही आहे. स्पीकर हा घसा आणि मायक्रोफोन हा कान. दोन वेगळी भोकं, दोन वेगळी दुखणी. पाणी फेकणारा सूर घशातून निघतो, म्हणून तो घसाच साफ करतो. मायक्रोफोनला ओरडता येत नाही, तो नुसता ऐकतो. त्याच्या भोकापाशी साधारण एक बारीक पडदा असतो, न चिकटणाऱ्या तव्यावर जो लेप असतो त्याच जातीच्या पदार्थाचा. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. पण पाणी आत गेलं नाही तरी त्या पडद्यावर बाहेरून थेंब चिकटून राहतो. भोक जेमतेम सुईएवढं, त्यात पाणी स्वतःच्याच चिकटपणाने धरून राहतं. ते वाळल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता गंमत अशी, की घसा बसला तर आपल्याला लगेच कळतं, समोरच्याचा आवाज दबका येतो. पण कान बसला तर आपल्याला काहीच कळत नाही. आपलं बोलणं आपल्याला नेहमीसारखंच ऐकू येतं. त्रास होतो तो पलीकडच्या माणसाला, आणि तो बिचारा भिडेपोटी ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. माझी बहीण तशीच मोकळी झाली.

मी मग दुसऱ्या आठवड्यात याची परीक्षाच घेतली. पोहून बाहेर आलो, घड्याळ कापडाने पुसलं आणि घड्याळातच आवाज नोंदवायची सोय आहे तिच्यात बोललो: ‘‘साठ, आठ, सात, शंभर, फक्त सहा.’’ मग तीच नोंद आधी घड्याळावर ऐकली, नंतर कोरड्या फोनवर. घड्याळावर अर्थातच चिखल होता. पण फोनवरही बोलणं घुमट आलं. फोनचा स्पीकर कोरडा, तरी बोलणं घुमट, म्हणजे घड्याळाचा कान ओला. मग पाणी फेकण्याची आज्ञा दिली, फट खालच्या बाजूला धरून लागोपाठ तीन वेळा. सुती रुमाल नुसता टेकवला, तर त्यावर दोन-तीन ओले ठिपके उमटले. त्यानंतर घड्याळावर गाणं लावलं, ते स्वच्छ. घसा साफ झाला होता. पुन्हा तेच शब्द नोंदवून फोनवर ऐकले, तर अजूनही घुमट. घरी जाऊन घड्याळ पंख्याखाली ठेवलं. दुपारच्या नमाजानंतर पाहिलं तेव्हा ‘साठ’मधला ‘स’ बराचसा परत आला होता, आणि संध्याकाळी पुरता. पावसाळ्यात हेच वाळायला रात्र उलटते, हेही पुढे अनुभवलं.

घाई करणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. आमच्याकडे दफ वाजवायच्या आधी विस्तवावर शेकतात, म्हणजे ओल जाऊन चामडं ताणलं जातं. तोच न्याय घड्याळाला लावून केस वाळवायचं यंत्र त्याच्यासमोर धरू नये. दफाचं चामडं उष्णतेने सुधारतं, घड्याळाच्या सांध्यांतला डिंक आणि रबर मात्र तिने सैल पडतं. मग आज दारात उभं असलेलं पाणी उद्या खरंच घरात येतं. भोकात सुई किंवा टाचणी घालणं तर त्याहून वाईट, पडदा एकदा फाटला की संपलंच. आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा घरगुती उपाय? ‘अ‍ॅपल’ने २०२४ मध्ये आयफोनच्या बाबतीत त्याला स्पष्ट नकार दिला, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. घड्याळाची भोकं तर त्याहूनही लहान.

एक गोष्ट मात्र ऐकायला उलटी वाटते. समुद्रात किंवा क्लोरिनच्या तलावात पोहून आल्यावर घड्याळ आधी साध्या गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचं. आधीच भिजलंय, अजून कशाला भिजवायचं, असं मलाही वाटलं. पण खारं पाणी वाळतं तेव्हा पाणी उडून जातं आणि मीठ जाळीत उरतं. दोन-चार वेळा तसं झालं की जाळीवर पापुद्रा धरतो. मग घड्याळ खडखडीत कोरडं असूनही आवाज दबकाच राहतो आणि पाणी फेकायचा सूर कितीही वाजवला तरी फरक पडत नाही, कारण फेकायला पाणीच नसतं. साबणाचंही तसंच. साबण पाण्याचा ताण मोडतो, म्हणून जिथे साधं पाणी थांबतं तिथून साबणाचं पाणी आत सरकू शकतं. घड्याळ घालून आंघोळ करू नये ती याचसाठी.

तेव्हा दबका आवाज आला की मी त्याची चाल पाहतो. तासागणिक सुधारत असेल, तर पाणी दारातच आहे, वाट पाहायची. दिवस-दोन दिवसांत तसूभरही फरक नसेल, तर पापुद्रा समजून गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा वाळवायचं. पण काचेच्या आतून धुकं दिसलं, आवाजात चरचर आली, किंवा चार्जिंग होईनासं झालं, तर पाणी घरात शिरलंय. मग ते बंद करून दुरुस्तीवाल्याकडेच न्यायचं. पन्नास मीटरचा शिक्का पाहून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो शिक्का नव्या घड्याळाला प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाखाली मिळालेला असतो. रबर जुनं होतं, घड्याळ एकदा-दोनदा फरशीवर पडतं, आणि शिक्का तसाच राहतो.

पोहायला मी अजूनही जातो. बाहेर आल्यावर पहिला अर्धा तास कॉल आला तर पिशवीतला फोन काढून घेतो. आणि बहीण आता आकडा सांगताना ‘सहावर शून्य’ असं सांगते. ‘सहा’मध्येही ‘स’ आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग भाईजान, तुम्हीच तो आकडा एकदा मला परत म्हणून दाखवत जा.’’