एका जाड कोटाऐवजी तीन पातळ थर

जानेवारीत पुण्या-मुंबईहून गुलमर्गला निघालेल्या कुटुंबाच्या बॅगेत साधारण काय असतं? घरातला सगळ्यात जाड कोट, दोन-तीन स्वेटर, माकडटोप्या, सगळ्यांच्या जीन्स आणि आत घालायला नेहमीचे सुती बनियन आणि टीशर्ट. बॅग गच्च भरलेली असते, तरी पहिल्याच दुपारी मुलं कुडकुडायला लागतात. कपडे कमी पडलेले नसतात. बर्फात थंडी कुठल्या वाटेने अंगात शिरते याचा विचार करून ते निवडलेले नसतात, एवढंच.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २६५० मीटरवर आहे. २१ डिसेंबरपासून काश्मिरात चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला सगळ्यात कडक काळ. या दिवसांत गुलमर्गला दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री त्याच्या बराच खाली जातो. शून्याच्या आसपासचा बर्फ ओलसर असतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. उणे पंधरामध्ये पडलेला भुसभुशीत बर्फ झटकला की खाली पडतो. हा मात्र कपड्याला चिकटतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि झिरपतो. बाहेरून हे पाणी, आतून चालताना आलेला घाम. बॅग भरताना या दोन ओलाव्यांचा बंदोबस्त आधी करायचा.

कपडा स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब अंगाची असते, कपडा तिला धरून ठेवतो, आणि तेही मुख्यतः आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर. जुनी रजई आठवा. कापूस बसून चपटा झाला की ती पांघरूनही गारठा जात नाही. पिंजाऱ्याकडून तोच कापूस पिंजून आणला की त्याच रजईत घाम फुटतो. कापूस तेवढाच, वजनही तेवढंच. वाढते ती फक्त तंतूंमधली हवा. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेले तीन कपडे उबदार ठरतात ते याचमुळे, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवा राहते. मात्र ते एकमेकांवर सैल बसले पाहिजेत. स्वेटरवर जाकीट कसंबसं ओढून चेन लावावी लागत असेल, तर आतली हवा दाबली गेली आणि स्वेटरचा अर्धा उपयोग गेला.

अंगालगतच्या पहिल्या थराकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. याचं काम ऊब देण्यापेक्षा घाम कातडीवरून उचलून बाहेर ढकलण्याचं आहे. आपला आवडता सुती बनियन इथे घात करतो. सूत पाणी पितं आणि लवकर सोडत नाही. तंतूंमधल्या हवेच्या जागी पाणी भरतं, आणि ते पाणी वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. घरच्या घरी ताडून बघा: एक सुती आणि एक व्यायामाचा पॉलिएस्टरचा टीशर्ट पाण्यात बुडवून, घट्ट पिळून पंख्याखाली शेजारी टांगा. पॉलिएस्टरचा घालण्याजोगा झाला तरी सुती शर्टाच्या शिवणी ओल्या लागतील. उन्हाळ्यात आपल्याला हाच गारवा हवा असतो. बर्फात तोच अंगावर येतो. म्हणून थर्मल घेताना आतली पट्टी वाचा. पॉलिएस्टर चालेल, मेरिनो लोकर असेल तर उत्तमच, कारण लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते आणि तिला लवकर वासही येत नाही. ‘थर्मल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कपड्यांत सूतच जास्त असतं. श्रीनगरच्या संध्याकाळी हॉटेलात बसायला ते ठीक आहेत, बर्फात चालायला नाहीत.

मधल्या थराचं काम हवा धरायचं. फ्लीसचं जाकीट हलकं असतं, लवकर वाळतं आणि पहिल्या सहलीला तेच पुरतं. घरात आजीने विणलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर असेल तर तो हक्काने न्या. त्याच्या जाळीतून वारा जातो खरा, पण वरून वारा अडवणारा थर असला की काही बिघडत नाही. पिसं भरलेलं पफर जाकीट वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण भिजलं की पिसं एकमेकांना चिकटतात आणि ते पिशवीसारखं लोंबतं. त्याला बर्फापासून जपायला हवं, म्हणून नवख्या माणसाने कृत्रिम भरणाचं पफर घेतलेलं बरं.

बाहेरचा थर ऊब देण्यासाठी नसतोच. तो वारा आणि पाणी अडवतो. उणे दहामध्ये ताशी तीस किलोमीटर वारा वाहत असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं झोंबतं. इथे टोपीचं, आतून अस्तर नसलेलं वॉटरप्रूफ जाकीट लागतं, आणि ते मधल्या थरावर सहज चढेल इतकं मोठं हवं. आपला पावसाळी ट्रेकचा चांगला रेनकोट इथे चालू शकतो. तो घालून बाथरूममध्ये दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. खांद्याच्या शिवणीतून पाणी आलं तर तो घरीच ठेवा. काखेत चेन असेल तर फार सोय होते, कारण जाकीट न काढता आतली वाफ सोडता येते. आणि जीन्स? जीन्स नकोच. बर्फात एकदा बसलात की मांड्या ओल्या होतात आणि संध्याकाळपर्यंत ओल्याच राहतात. थर्मलवर ट्रेकची पँट आणि तिच्यावर वॉटरप्रूफ पँट घाला.

आता हे अंगावर कसं चालतं ते गुलमर्गच्या एका दिवसात बघू. सकाळी हॉटेलातून निघताना थर्मल, फ्लीस आणि वरचं जाकीट. उभं राहिल्यावर किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच छान उबदार वाटत असेल, तर बर्फातून गोंडोलापर्यंत चालताना नक्की घाम येणार. चढावर पाच मिनिटांत कपाळ तापलं की थांबून आधी चेन उघडायची, मग फ्लीस काढून पाठीवरच्या पिशवीत. घाम येऊन गेल्यावर काढण्यात अर्थ नाही. पाठ ओली झालेली असते आणि रांगेत उभं राहिलं की तिथेच हीव भरतं. रांगेत पोचताच फ्लीस परत अंगावर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरवर. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे गावात शून्य असेल तर वर उणे आठच्या आसपास, आणि वर वाऱ्याला आडोसा नाही. पफर लागतं ते इथे: बाहेर पडण्याआधी, केबिनमध्येच, फ्लीसवर पफर आणि त्यावर वॉटरप्रूफ. एकच जाड कोट नेला असता तर चढावर त्यातच घाम गाळायचा आणि वर त्याच ओलाव्यात गारठायचं, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

हात आणि पाय यांच्यासाठी वेगळा विचार लागतो. अंग गारठायला लागलं की शरीर बोटांकडचं रक्त आधी आखडतं घेतं. म्हणून बोटं बधिर होत असतील तर हातमोज्यांबरोबर अंगावरचा एक थरही वाढवायचा. विणलेले लोकरी हातमोजे घालून मुलांनी बर्फाचा गोळा केला की ते दोन मिनिटांत चिंब होतात. आत पातळ मोजा आणि वर वॉटरप्रूफ हातमोजा अशी जोडी हवी. चारही बोटं एकत्र राहणारा हातमोजा पाच बोटांच्या मोज्यापेक्षा उबदार असतो, लहान मुलांना तोच घ्या. बोटाच्या टोकाला पांढरट, बधिर डाग दिसला तर तो भाग चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका; हात काखेत धरून हळूहळू ऊब द्या आणि आडोशाला जा. मूल खेळता खेळता अचानक गप्प झालं, अडखळायला लागलं, तर ते दमलंय असं समजून सोडून देऊ नका. आधी आत नेऊन ओले कपडे बदला.

पायांत दोन-दोन जाड मोजे कोंबून घट्ट बूट घालणं ही नेहमीची चूक. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. लोकरीचा एकच जाड मोजा घाला. बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. त्यासाठी बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा लागतो. खास बर्फाचे बूट एका सहलीसाठी विकत घ्यायची गरज नाही. गुलमर्गच्या खाली तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात. गमबुटात बर्फ शिरत नाही, पण रबराला ऊब अशी नसते, आणि आधीच्या माणसाने वापरलेला बूट आतून दमट असू शकतो. हात घालून बघा, दमट असेल तर दुसरा मागा. कोट मात्र सगळं नीट नेलं असेल तर लागत नाही.

तर पाच रात्रींच्या सहलीसाठी एका माणसाची बॅग अशी होते: थर्मलचे दोन जोड, फ्लीस एक, पफर एक, वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट एकेक, ट्रेकच्या दोन पँट, लोकरी मोज्यांचे चार जोड, हातमोज्यांचे दोन जोड, कान झाकणारी टोपी आणि गळ्यासाठी मफलर. माकडटोपी असेल तर दोन्ही कामं तीच करते. गॉगल अतिनील किरणं अडवणारा हवा, कारण ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उघड्या डोळ्यांनी दिवसभर हिंडलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचं, कारण उजेड खालूनही येतो. पफर आणि बूट विमानात अंगावर घाला, म्हणजे बाकीचं सामान पंधरा किलोंत आरामात बसतं. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, म्हणून निदान एक पोस्टपेड फोन बरोबर असू द्या, आणि तो आतल्या खिशात अंगालगत ठेवा. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते.

थर्मलचा दुसरा जोड आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि तो फक्त झोपताना घाला, दिवसा कितीही गरज वाटली तरी उघडू नका. संध्याकाळी खोलीत आल्याबरोबर अंगालगतचे कपडे बदला, ते कोरडे वाटले तरी. ओले बूट हीटरला चिकटवून ठेवले तर तळवा सुटतो; त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला. घरून निघताना जुनी वर्तमानपत्रं बॅगेच्या तळाशी पसरून ठेवलीत तर तिथे शोधत बसावं लागणार नाही.