ठरलेल्या तारखेचे देणे आणि रोख्याचे ड्युरेशन

समजा, एका विमा कंपनीने आज १० लाख रुपये घेऊन सात वर्षांनी १६,०५,७८१ रुपये देण्याची हमी दिली आहे. हा दर वार्षिक ७ टक्के पडतो. बाजारात सर्व मुदतींच्या सरकारी रोख्यांवरही ७ टक्केच मिळतात आणि कूपन वर्षातून एकदा येते, असे सोयीसाठी धरू. तर हे १० लाख कोणत्या रोख्यात गुंतवावेत?

बहुतेक विद्यार्थी सात वर्षे मुदतीचा रोखा सुचवतात. खरेदी होताच व्याजदर ६ टक्क्यांवर येऊन तिथेच राहिला, तर काय होईल ते पाहा. दरवर्षी येणारे ७०,००० रुपये आता ६ टक्क्यांनीच पुन्हा गुंतवता येतील आणि सात वर्षांत त्यांचे ५,८७,५६९ होतील. मुद्दल धरून १५,८७,५६९, म्हणजे १८,२१२ रुपये कमी पडले.

आता नऊ वर्षांचा रोखा घ्या. कूपनची रक्कम तेवढीच जमेल, पण सातव्या वर्षाअखेर रोख्याची दोन वर्षे शिल्लक असतील आणि दर उतरल्यामुळे तो १०,१८,३३४ रुपयांना विकला जाईल. एकूण १६,०५,९०३, देणे भागते. दर ८ टक्के झाला तर उलटे घडते: रोखा ९,८२,१६७ रुपयांनाच जातो, पण कूपन वाढून ६,२४,५९६ होतात. बेरीज १६,०६,७६३. म्हणजे एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूने भरून निघतो.

नऊच वर्षे का? रोख्याची प्रत्येक रक्कम किती वर्षांनी मिळते, याची त्या रकमेच्या आजच्या मूल्याने भारित सरासरी म्हणजे ड्युरेशन. नऊ वर्षांच्या या रोख्याचे ड्युरेशन ६.९७ वर्षे, जवळजवळ देण्याच्या तारखेइतके आहे. सात वर्षांच्या रोख्याचे मात्र ५.७७ च भरते. ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ मध्ये या पद्धतीला ‘इम्युनायझेशन’ हे नाव दिले.

एकदा जुळवले की काम संपत नाही. वर्षभराने देणे सहा वर्षांवर येते, पण रोख्याचे ड्युरेशन ६.३९ असते; ते वर्षभरात वर्षाने नव्हे, जेमतेम ०.५८ ने घटले. आलेले कूपन त्याच रोख्यात घातले तर हा फरक तसाच राहतो. तेच ७०,००० रुपये ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलात ठेवले तर, दर ७ टक्केच असल्यास, एकूण गुंतवणुकीचे ड्युरेशन ६.०४ होते. अशी जुळवणी दरवर्षी, आणि दर बराच हलला की मध्येही, करावी लागते.

वरच्या हिशेबात सर्व मुदतींचे दर सारखेच हलले, हे मात्र विसरू नका. अल्प मुदतीचे दर उतरले आणि दीर्घ मुदतीचे चढले, तर कूपनही कमी वाढतात आणि रोखाही स्वस्तात विकावा लागतो. ड्युरेशन जुळलेले असूनही तूट येते. तिचा धोका टाळायचा तर नेमके सातव्या वर्षी एकरकमी पैसे देणारा शून्य-कूपन रोखा हवा, आणि हव्या त्या तारखेचा तो दरवेळी मिळतोच असे नाही.