एकदा 'नाही' म्हणालेल्या प्राध्यापकांना पुन्हा विचारताना

न्यूझीलंडमधल्या एखाद्या प्राध्यापकांनी तुम्हाला पीएचडीसाठी नकार दिला असेल, तर पुन्हा लिहिण्याआधी तो जुना मेल नीट वाचा. "हा माझा विषय नाही" असं असेल, तर वर्षभराने फारसं काही बदलत नाही. "सध्या निधी नाही" असं असेल, तर बदलू शकतं. कारणच दिलं नसेल, तर नकार पक्का धरा.

इथे परदेशी पीएचडी विद्यार्थ्याला सहसा स्थानिकांइतकीच फी पडते. त्यामुळे अडतं ते बहुधा राहण्या-खाण्याच्या खर्चावर, म्हणजे स्टायपेंडवर. तो विद्यापीठाच्या स्कॉलरशिपमधून येतो, नाहीतर प्राध्यापकांच्या प्रकल्पातून. मार्सडन फंडाचे निकाल वर्षाच्या शेवटाकडे लागतात आणि निधी कोणाला मिळाला ती यादी कोणालाही बघता येते. मात्र डिसेंबर 2024 मध्ये सरकारने या फंडातून मानव्यविद्या आणि समाजशास्त्रं वगळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळालेला तोच नकार आता जास्त घट्ट झालेला असू शकतो.

समजा, मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या एका मॅडमनी मार्चमध्ये "निधी नाही" असं कळवलं होतं आणि नोव्हेंबरच्या यादीत त्यांचं नाव दिसलं. इथे *त्यांचं* कारण बदललंय. तुमचा पेपर छापून आला ही बातमी छानच, पण तिने त्यांचं कारण बदलत नाही. ती शेवटी एका ओळीत सांगा. मेल एवढाच हवा:

"मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं होतं, तेव्हा निधी नव्हता. तुमच्या नव्या प्रकल्पाबद्दल वाचलं. त्यात पीएचडीची जागा असेल, तर माझा विचार करता येईल का? जागा नसेल किंवा आधीच ठरली असेल, तर एका ओळीचं उत्तरही पुरे."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नकार देणं त्याने सोपं होतं. याउलट "तुमच्यासाठी मी दुसरी ऑफर सोडली" असं लिहिलंत, की तुमच्या निर्णयाचं ओझं त्यांच्या डोक्यावर जातं. ओळखीच्या काकांकडून शब्द टाकणं किंवा विभागप्रमुखांना सीसी करणं हेही तसंच: आता त्यांना दोघांना नाही म्हणावं लागतं.

वेळही बघा. ख्रिसमसपासून जानेवारीभर इथे उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हाची शांतता म्हणजे नकार नव्हे. डिसेंबरच्या सुरुवातीला लिहा, नाहीतर थेट फेब्रुवारीत. तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, मग थांबा.

पुन्हा नाही आलं, तर "कळवल्याबद्दल आभार" एवढंच लिहा. या देशात विद्यापीठं आठच आहेत. पुढच्या कॉन्फरन्सला त्या चहाच्या टेबलापाशी भेटल्या, तर दोघांनाही मोकळेपणाने बोलता यायला हवं.