अनारसा हसला की...

कढईत सोडलेला अनारसा फुटून तुपात विरघळू लागला की घरातली बाई म्हणते, ‘हसला गं!’ बाकी कुणाला मात्र हसू येत नाही. दोष बहुधा पिठात असतो. तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवलेले तांदूळ, ओलसर असतानाच दळलेले, गुळात मळून चार-पाच दिवस मुरवलेले. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो. मग गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळायची आणि एकच अनारसा तळून बघायचा.

खसखशीवर थापलेली पुरी तुपात सोडताना खसखस वर हवी. खाली गेली तर ती सुटून तळाशी जळते आणि पुढचा सगळा घाणा कडवट होतो.

आच मंद. तूप फार तापले तर गूळ आधी काळपट होतो, आत कच्चे राहते. झाऱ्याने वरून तूप उडवत राहिले की जाळी फुलते. कडा बदामी झाल्या की एकदाच उलटायचा, तेही क्षणभर; गरम अनारसा इतका मऊ असतो की दुसऱ्यांदा उलटताना मोडतोच. काही घरांत तर मुळीच उलटत नाहीत.

मग चाळणीत उभे करून तूप निथळू द्यायचे. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो.